सांदणांचा डबा आणि एक नकार

माझी मावसबहीण रत्नागिरीत फिजिओथेरपिस्ट आहे. वय एकोणतीस. गेल्या मे महिन्यात ती एका मुलाला एकदा भेटली, मुलगा चांगला निघाला, आणि तिला त्याला दुसऱ्यांदा भेटायचं नव्हतं. एवढंच प्रकरण. पण त्याला पाठवायचा एक मेसेज लिहायला आम्हा दोघींना दोन संध्याकाळी लागल्या. तेवढ्यात लक्षात आलं की स्थळ नाकारायला मराठीत डझनभर वाक्यं तयार आहेत आणि एका माणसाने दुसऱ्या माणसाला सरळ नाही म्हणायला जवळजवळ एकही नाही. तिच्या परवानगीने लिहिते आहे. मुलाची ओळख पटू नये म्हणून त्याच्याबद्दलच्या दोन-तीन गोष्टी बदलल्या आहेत. नावं कुणाचीच देत नाही. त्याला मास्तर म्हणू, कारण तो लांज्याच्या बाजूला माध्यमिक शाळेत शिकवतो.

ओळख ॲपवर झाली. इकडे ॲपवर अंतर पन्नास किलोमीटर ठेवलं की आधी तेच तेच दहा-बारा चेहरे दिसतात. मे उजाडला की एकदम गर्दी होते आणि त्यातले निम्मे मुंबईहून सुट्टीला आलेले चाकरमानी असतात. सात जूनला पाऊस आणि ते दोन्ही एकमेकांना चुकवून जातात. मास्तर त्यातला नव्हता, इथलाच. तीन आठवडे नीट बोलणं झालं, मग एका रविवारी साडेपाचला भाट्याच्या किनाऱ्यावर भेटायचं ठरलं.

भेट कशी झाली ते तिने मला त्याच रात्री सांगितलं. सुरूच्या बनातून चालले, वाळूत बसले, सूर्य बुडेपर्यंत बोलले. वारा तिच्या तोंडावर येत होता तर तो काही न बोलता उठून त्या बाजूला जाऊन बसला. तिच्या कामाबद्दल त्याने खरे प्रश्न विचारले, म्हणजे उत्तर ऐकून त्यातून पुढचा प्रश्न विचारला. अर्ध्या तासाने दोघं तुम्हीवरून तूवर आले. परत येताना मारुती मंदिरला सोडलं आणि गाडीच्या डिकीतून स्टीलचा डबा काढून दिला. त्याच्या आईने फणसाची सांदणं पाठवली होती, बरक्या फणसाच्या रसातली, वर छोट्या बाटलीत नारळाचं दूध. तिने डबा घेतला आणि म्हणाली, “येते हं.”

तिच्यातलं काहीच हललं नव्हतं. हे तिला किनाऱ्यावरच जाणवलं होतं, पण माणूस इतका नीट वागत असताना असं वाटणं तिला कृतघ्नपणाचं वाटत होतं.

सोमवारी रात्री पावणेदहाला त्याचा मेसेज आला:

“काल खूप छान वाटलं. आईला सांगितलं तुला डबा दिला म्हणून, ती खूश आहे. पुढच्या रविवारी आरे-वारेला जाऊ या का? मला सुट्टीच आहे, तुला रविवार जमत नसेल तर तू म्हणशील तो दिवस. डबा तेव्हा घेईन, घाई नाही.”

इथे मी तिला एकच विचारलं, कारण मला अजून खात्री नव्हती. पहिल्या भेटीत माणूस बुजलेला असतो आणि शंका असेल तर दुसऱ्यांदा भेटावं, असं माझं मत आहे. मी विचारलं, मेसेज वाचल्यावर तू पहिल्यांदा काय केलंस? ती म्हणाली, ड्युटीचा तक्ता उघडला. रविवारी ड्युटी लागली आहे का ते बघायला. लागलेली नव्हती, तर वाईट वाटलं. मग माझी शंका संपली. भेटायचं की नाही हे ठरत नसतं तेव्हा माणूस त्या दिवशी कपडे काय घालायचे याचा तरी विचार करतो. ड्युटी लागावी अशी इच्छा करणाऱ्याचं उत्तर ठरलेलं असतं, त्याला फक्त ते दुसऱ्या कुणी द्यावं असं वाटत असतं.

आता डब्याकडे येते, कारण खरी गुंतागुंत त्याने केली.

आपल्याकडे स्टीलच्या भांड्यावर नाव घातलेलं असतं. या डब्याच्या झाकणावर मास्तरच्या आजोबांचं नाव, आडनाव आणि गाव होतं. तिने डबा ओट्यावर ठेवला आणि आंघोळीला गेली. बाहेर येईपर्यंत मावशीने झाकण वाचलं होतं, दोन सांदणं खाल्ली होती आणि त्या आडनावाची त्या गावातली दोन घरं आपल्याला कशी लागतात ते आठवून ठेवलं होतं. “अगो, हे आपल्यातलेच गो. मुलगा कायम आहे ना शाळेत? मग?” एका संध्याकाळची भेट एका झाकणामुळे स्थळ झाली. तिकडे त्याच्या घरीही तेच झालं असणार, कारण मे महिन्याच्या उकाड्यात चुलीपाशी उभं राहून सांदणं उकडणारी आई काही मुलाच्या मैत्रिणीसाठी ती करत नाही.

मुलगी नाही म्हणते आहे हे कळल्यावर मावशीने जो उपाय सुचवला तो तिच्या दृष्टीने सर्वात सभ्य होता. “तू काही लिहू नको. मी बाईंना फोन करत्ये, पत्रिका मागवत्ये, चार दिवसांनी सांगत्ये जुळत नाही म्हणून. कुणाचं मन दुखायला नको.”

याला मी लगेच हसले नाही. पत्रिका न जुळण्याची सबब ही फार विचार करून घडवलेली वस्तू आहे. दोष मुलाचा नाही, मुलीचा नाही, आकाशाचा. दोन्ही घरांना उद्या एकाच लग्नात एका पंगतीला बसायचं असतं, ते त्यामुळे बसता येतं. “आम्ही कळवतो” हेही तसंच. ऐकणाऱ्या आईवडिलांना त्यातला नकार ऐकू येतो, कारण त्यांनीही तो इतरांना दिलेला असतो. पण हे चालतं ते दोन घरांत, मध्ये एखादा मध्यस्थ असताना. एकटा माणूस फोन हातात धरून तेच वाक्य वाचतो तेव्हा त्याला ते खरं वाटतं. मी स्वतः एकदा एका “कळवतो”ची सतरा दिवस वाट पाहिली आहे, आणि मी काही भोळी नव्हते.

शिवाय सबब दिली की ती सोडवता येते. आमच्या ओळखीत एका मुलीने एक नाडी आहे म्हणून नाही सांगितलं. मुलाच्या आईने दुसऱ्या गुरुजींना पत्रिका दाखवली, नक्षत्र एक पण चरण वेगळे निघाले, म्हणजे दोष लागत नाही असं त्यांनी सांगितलं आणि मंडळी पेढे घेऊन परत दारात. आता त्या मुलीकडे सांगायला सबब उरली नव्हती. उरला होता तो खरा नकार, आणि तो आता दुप्पट कडू झाला होता.

मास्तरसारख्या मुलाबाबत हा धोका जास्त. उद्धट माणूस सबब ऐकून चिडतो आणि प्रकरण तिथेच संपतं. भला माणूस सबब ऐकून मदतीला येतो. त्याने मेसेजमध्येच लिहून ठेवलं होतं की रविवार नाही तर तू म्हणशील तो दिवस.

तरीही तिचा पहिला मसुदा सबबीचाच होता. “अरे पुढच्या रविवारी ड्युटी आहे बहुतेक. बघू, कळवते.” तो मी पाठवू दिला नाही. “बघू” म्हणजे नाही हे इकडच्या प्रत्येकाला समजतं, असं ती म्हणाली. समजतं, पण वर्गणी मागायला आलेल्याला. ज्याची आशा गुंतली आहे त्याला “बघू”तला ब सुद्धा गोड लागतो.

दुसरा मसुदा तिने मंगळवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत लिहिला आणि तो अगदी उलट टोकाचा होता. तो इथे पूर्ण देत नाही, फार लांब आहे. सुरुवात “प्लीज राग मानू नकोस” अशी. मग सॉरी, एकूण चार वेळा. मग तो किती चांगला आहे, मग तिचंच काहीतरी बिनसलं आहे, तिला सध्या कामाचा ताण आहे, ती कदाचित लग्नासाठी तयारच नाही, त्याला तिच्यापेक्षा खूप चांगली मुलगी मिळेल, मिळायलाच हवी. आणि तळाला, “पण आपण चांगले मित्र राहू शकतो, मला तू दादासारखा वाटतोस.”

हा मसुदा वाईट मनाने लिहिलेला नव्हता, म्हणून तो नीट बघण्यासारखा आहे. त्यात सरळ नकार कुठेच नव्हता. वाचणाऱ्याने चौदा ओळींतून तो शोधून काढायचा होता. सॉरी चार वेळा वाचल्यावर मास्तरने काय केलं असतं? तिचीच समजूत घातली असती. अगं ठीक आहे, ताण घेऊ नकोस, वेळ घे, मी थांबतो. म्हणजे नकार ज्याला मिळाला त्याच्यावरच नकार देणारीला सांभाळायचं काम आलं असतं, आणि वर “मी थांबतो” हा नवा प्रश्न. “तुला माझ्यापेक्षा चांगली मिळेल” हे वाक्य तर मला कुणाच्याच तोंडी आवडत नाही. ऐकणाऱ्याला ते लग्नाच्या बाजारातला भाव सांगितल्यासारखं लागतं. दादाबद्दल तर बोलायलाच नको. रविवारी संध्याकाळी ज्याच्याबरोबर सूर्यास्त पाहिला त्याला मंगळवारी दादा केलं, तर त्याला आधीच्या अडीच तासांचीच लाज वाटेल.

याच दुपारी एक फजिती झाली. ती हे सगळं व्हॉट्सॲपवर थेट त्याच्याच खिडकीत लिहीत होती. लिहायचं, पुसायचं, परत लिहायचं. पलीकडे त्याला वीस मिनिटं “टायपिंग” दिसत होतं. शेवटी त्याचाच मेसेज आला, “काय गं, काय झालं? सगळं ठीक ना?” तिने घाबरून लिहिलं, “हो, पेशंट आला, संध्याकाळी बोलते.” असा मसुदा फोनच्या नोट्समध्ये लिहावा किंवा मला पाठवावा, त्याच्या खिडकीत नाही. चुकून गेलेला मेसेज पंधरा मिनिटांत दुरुस्त करता येतो आणि सगळ्यांसाठी पुसताही येतो, पण पुसल्याची खूण तिथे राहते. नकाराच्या जागी नुसती पुसल्याची खूण दिसणं याइतकं वाईट काही नाही, रात्रभर माणूस तिच्यात काय लिहिलं असेल ते कल्पनेने भरत बसतो. असो. त्या “संध्याकाळी बोलते”मुळे एक बरं झालं. आता त्याच दिवशी संध्याकाळी लिहिणं भाग होतं.

फोन करावा का, यावर आमचा थोडा वाद झाला. फोन केला तर जास्त आदराचं, असं तिला वाटत होतं. चार-पाच भेटी झाल्या असत्या तर मीही फोनच करायला सांगितला असता, किंवा समोर बसून सांगायला. पण एका भेटीनंतर फोन म्हणजे समोरच्याला ऐकता ऐकताच चेहरा सावरायला लावणं. मास्तरच्या घरात आई ओट्यापाशी, वडील पडवीत, मोबाइलला रेंज फक्त अंगणात. तिथे उभं राहून त्याने “हो, हो, काही हरकत नाही” म्हणायचं आणि आत येऊन जेवायला बसायचं. मेसेज तो एकटा वाचू शकतो, दोनदा वाचू शकतो, उत्तर उशिरा देऊ शकतो.

संध्याकाळी सात वाजता ती माझ्याकडे आली. मी घावन घालत होते, ती ओट्याला टेकून लिहीत होती. खरं काम आता सुरू झालं, आणि ते सगळं क्रियापदांचं होतं.

तिने लिहिलं, “मी पुढच्या रविवारी येऊ शकणार नाही.” मी म्हटलं, शकणार काढ. शकणार नाही म्हणजे मध्ये काहीतरी अडथळा आहे, पूल वाहून गेला आहे, एसटी बंद आहे. अडथळा दूर झाला की येशील असा त्याचा अर्थ. “येणार नाही” हे उघडं वाटतं, पण खरं आहे. तिला ते उद्धट वाटत होतं. आम्ही दोन्ही मोठ्याने म्हणून पाहिलं. आधी आभाराचं वाक्य असेल आणि “म्हणून” जोडलेलं असेल तर “येणार नाही” उद्धट लागत नाही. नुसतं एकटं ठेवलं तर लागतं.

मग मुख्य वाक्य. “मला तुझ्याबद्दल तसं वाटत नाहीये.” यातला काळ मला खटकला. वाटत नाहीये म्हणजे आत्ता, या घटकेला वाटत नाही. पाऊस पडत नाहीये म्हणतो तेव्हा आपण आकाशाकडे बघतच असतो. “वाटलं नाही” म्हटलं की भेट झाली, पाहिलं, आणि उत्तर आलं. एका ये-चा फरक आहे, पण आशेला तेवढी फट पुरते. त्याच कारणाने “सध्या”, “आत्ता तरी”, “इतक्यात” हे शब्द एकेक करून गेले. ते सगळे तिने सौम्यपणासाठी घातले होते आणि प्रत्येकाचा अर्थ “नंतर विचार” असा होता.

“तसं” मात्र ठेवलं. आपल्याकडे या बाबतीत बोलायला मधला शब्दच नाही. “प्रेम वाटलं नाही” एका भेटीनंतर फार जड होतं, त्याने प्रेमाची मागणी केली नव्हती. “आवडला नाहीस” खोटं होतं, माणूस म्हणून तो तिला आवडलाच होता. “क्लिक झालं नाही” तिच्या वयाची मुलं सर्रास म्हणतात, मला त्यावर हरकत नाही, पण क्लिक म्हटलं की पुन्हा एकदा दाबून बघू या असंही मनात येतं. “तसं काही वाटलं नाही” यातला “तसं” काय आहे ते विचारावं लागत नाही. फक्त तो शब्द गुळमुळीत राहू नये म्हणून त्याच्या आधी “जोडीदार म्हणून” हे दोन शब्द घातले, कारण नुसतं “तसं काही वाटलं नाही” हे भेट कंटाळवाणी झाली असंही वाचता येतं.

तू की तुम्ही, हा प्रश्न तिने स्वतःच उपस्थित केला. नकार देताना तुम्ही म्हटलं तर सोपं जाईल, असं तिला वाटत होतं. तिला सोपं गेलंही असतं. पण रविवारी तू झालेला माणूस मंगळवारी तुम्ही झाला की त्याला नकाराच्या आधीच दार लागल्याचा आवाज येतो.

आणि सांदणं. त्यांचे आभार मानायचेच होते, कारण त्याच्या आईचा यात काहीच दोष नव्हता. तिने लिहिलं होतं, “आईंना सांग, सांदणं मस्त झाली होती.” मी घावन करपू दिलं आणि आधी तो शब्द बदलायला लावला. “आईंना” असं सून म्हणते. “काकूंना” म्हटलं की ती शेजारची, मैत्रिणीची, कुणाचीही आई होते. एवढ्या सगळ्या मेसेजमध्ये त्या माऊलीपर्यंत पोचणारा तोच एक शब्द होता आणि तो भलतीच खूण करून बसला असता.

शेवट काय करायचा यावर पाचेक मिनिटं गेली. “भेटू कधीतरी” नाही. “काळजी घे” म्हणजे आजारी माणसाला सांगितल्यासारखं. “मैत्री ठेवू”बद्दल मी तिला विचारलं, पुढच्या महिन्यात तू स्वतःहून त्याला मेसेज करशील का? ती म्हणाली, नाही. मग ते लिहायचं नाही. तेव्हा शेवट डब्यावर करायचा ठरला, कारण डबा परत जायलाच हवा होता आणि तो घ्यायला भेटण्याची गरज उरायला नको होती. शनिवारी मास्तर दाताच्या डॉक्टरकडे रत्नागिरीत येणार होता, हे त्याने किनाऱ्यावर सांगितलं होतं. डॉक्टरांच्या जवळच तिच्या मैत्रिणीचं झेरॉक्सचं दुकान आहे.

साडेसातला मेसेज गेला:

“रविवारची संध्याकाळ छान गेली, तू मनापासून बोललास आणि ऐकलंस. सांदणं घरी सगळ्यांना आवडली, काकूंना नक्की सांग. मी नीट विचार केला. जोडीदार म्हणून मला तुझ्याबद्दल तसं वाटलं नाही, म्हणून मी पुन्हा भेटायला येणार नाही. तुला वाट बघायला लावण्यापेक्षा लगेच सांगावं असं वाटलं. शनिवारी तू डॉक्टरकडे येशील तेव्हा डबा मारुती मंदिरच्या झेरॉक्सच्या दुकानात ठेवलेला असेल, तुझं नाव सांगितलं की देतील.”

यात सॉरी एकदाही नाही, हे तिला शेवटपर्यंत टोचत होतं. एखादं चाललं असतं, मी हट्ट धरला हे कबूल करते. “मनापासून बोललास आणि ऐकलंस” हे मात्र तिने स्वतः लिहिलं आणि मला वाटतं सगळ्या मेसेजचा भार त्याने पेलला. तू खूप चांगला आहेस हे कुणालाही म्हणता येतं. ऐकलंस हे त्यालाच म्हणता येत होतं.

दोन निळ्या खुणा पाच मिनिटांत आल्या. उत्तर सव्वाआठला.

“ठीक आहे. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण सांगितलंस ते बरं केलंस. एक विचारू? माझं काही चुकलं का?”

मेसेज कितीही नीट लिहा, हा प्रश्न बहुतेक वेळा येतो, आणि चांगली माणसं घसरतात ती इथेच. उत्तर द्यायला तिच्याकडे माल होता. त्याने शाळेतल्या राजकारणाबद्दल वीस मिनिटं सांगितलं होतं, ते तिला लांबलं होतं. तो फार हळू बोलतो. पण या कारणांनी ती नाही म्हणत नव्हती. हेच सगळं दुसऱ्या कुणी केलं असतं आणि तिला तो आवडला असता तर तिने वीस मिनिटांचं शाळापुराण डोळे मोठे करून ऐकलं असतं. कारण म्हणून काहीही सांगितलं असतं तर ते खोटं झालं असतं, आणि मास्तर पुढच्या मुलीसमोर भरभर बोलायला लागला असता.

तिने लिहिलं, “नाही, तुझं काहीच चुकलं नाही. खरंच. वाटणं-न वाटणं एवढंच आहे.” त्याने अंगठा पाठवला. तिने त्यावर काही पाठवलं नाही, आणि हे तिला जड गेलं. त्याच्या स्टेटसवर दुसऱ्या दिवशी कुठल्याशा समुद्राचा फोटो होता, तोही तिने उघडला नाही. उघडला असता तर तिचं नाव बघणाऱ्यांच्या यादीत त्याला दिसलं असतं, आणि त्या यादीत तो तिचंच नाव शोधणार होता.

एक गोष्ट इथे सांगून ठेवते. हे सगळं जमलं ते मास्तर मास्तर होता म्हणून. “का ते सांग, नाहीतर मी घरी येतो” असं उत्तर आलं असतं तर पुढे समजावत बसायचं नव्हतं. एकदा नाही, मग ब्लॉक, आणि घरात सांगून ठेवायचं. आणि डबा तर अजिबात आपल्या ओळखीच्या दुकानात ठेवायचा नव्हता.

शुक्रवारी रात्री मावशीकडे नवा पेच. रिकामा डबा परत देत नाहीत. मावशीने आंब्याच्या वड्या काढल्या, स्वतः केलेल्या, वर्खाच्या. मुलगी म्हणाली, आपल्या घरचं केलेलं काही नको. केलेलं काही गेलं की तिकडून परत काहीतरी येणार, मग पुन्हा डबा. मावशी म्हणाली, मग काय दगड भरून देऊ? शेवटी दोघींचं साखरेवर जमलं. दोन मुठी, पुडीत बांधून. मावशीचा राग अजून गेलेला नाही. त्या आडनावाची कुणी बाई लग्नाकार्यात दिसली की ती बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसते, आणि पाणी हवं का विचारते.

शनिवारी बाराच्या सुमारास मास्तर दुकानात आला. एका गालाला सूज होती, अर्धं तोंड बधिर. नाव सांगितलं, डबा घेतला, झाकण उघडून बघितलं. साखरेची पुडी बघून, मैत्रीण म्हणाली, अर्ध्या तोंडाने हसला. मग दुकानातून तसंच कसं निघायचं म्हणून असेल, खिशातून आधार कार्ड काढून दोन झेरॉक्स काढून घेतल्या, सुटे पैसे मोजून दिले आणि डबा पिशवीत ठेवून गेला.